चव्वेचाळीस-एकचा आवाज अठ्ठेचाळीसच्या फाइलीत

तीन क्लिप जोडून केलेला एक व्हिडिओ आहे. एका प्लेअरमध्ये लावला की मधल्या भागातल्या गाण्यावर बारीक भुणभुण ऐकू येते, जणू तंबोऱ्याच्या आतच एखादी माशी अडकली आहे. तोच व्हिडिओ दुसऱ्या प्लेअरमध्ये लावला तर भुणभुण गायब होते. पण गाणं वेळेआधी संपतं आणि पुढच्या भागातल्या माणसाचं बोलणं, पडद्यावर तो दिसायच्याही आधी सुरू होतं. फाइल एकच असताना दोन वेगळे दोष दिसले की बहुतेक जण प्लेअरला दोष देतात, मग फोनला, मग हेडफोनला. खरं तर दोन्ही प्लेअर आपापल्या परीने प्रामाणिक आहेत. बिघाड फाइलीत आहे आणि तो एकच आहे. ४४.१ किलोहर्ट्झने नोंदलेला आवाज ४८ किलोहर्ट्झच्या आवाजाला तसाच चिकटवला गेला आहे.

हे नीट कळायला डिजिटल आवाजाबद्दलची एक साधी गोष्ट आधी पक्की करावी लागते. फाइलीत आवाज नसतो, आकड्यांची रांग असते. माइकच्या पडद्याची त्या त्या क्षणी स्थिती काय होती, ते एकेका आकड्याने सांगितलेलं असतं. त्याला सॅम्पल म्हणतात. दोन सॅम्पलांमध्ये किती वेळ गेला, हे मात्र त्या आकड्यांत कुठेही लिहिलेलं नसतं. ते फाइलीच्या सुरुवातीला एकदाच नोंदवलेलं असतं: सॅम्पल रेट ४४१००, किंवा ४८०००. म्हणजे दर सेकंदाला इतके आकडे. ही नोंद चुकली तरी आकडे शाबूत राहतात, त्यांच्यात काहीच खराब होत नाही. फक्त ते चुकीच्या वेगाने वाचले जातात.

दोन वेगळे रेट मुळात आलेच कशाला, याचं उत्तर जरा गंमतीचं आहे. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस डिजिटल आवाज साठवायला पुरेशी जागा असलेलं स्वस्त माध्यम म्हणजे व्हिडिओ टेप. म्हणून आवाजाचे आकडे काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांच्या रूपात चित्राच्या रेषांवर टेपवर लिहिले जात. अमेरिकी-जपानी पद्धतीत सेकंदाला ६० फील्ड आणि प्रत्येकात वापरता येण्याजोग्या २४५ रेषा. एका रेषेवर तीन सॅम्पल. ६० × २४५ × ३ केलं की ४४१०० येतात. युरोपी पद्धतीत ५० फील्ड, २९४ रेषा, तीन सॅम्पल. तिथेही बरोबर ४४१००. दोन्हीकडे जमणारा हा आकडा होता, तोच १९८२ साली बाजारात आलेल्या सीडीने उचलला, आणि पुढे एमपी३च्या जमान्यातली बहुतेक गाणी त्याच रेटची राहिली. व्हिडिओवाल्यांना मात्र चित्राच्या फ्रेमशी नीट भागला जाणारा रेट हवा होता. ४८००० ला २४ ने भागा, २५ ने भागा, ३० ने भागा, पूर्णांकच येतो: २०००, १९२०, १६००. ४४१०० ला २४ ने भागलं तर १८३७.५ येतात, आणि अर्धं सॅम्पल नावाची वस्तू जगात नाही. म्हणून डीव्हीडी, कॅमेरे आणि आजचे बहुतेक फोनवरचे व्हिडिओ ४८ चे, तर सीडी आणि गाण्यांचे जुने संग्रह ४४.१ चे. घरी बसून व्हिडिओ जोडणाऱ्याच्या टेबलावर हे दोन्ही वंश एकत्र येतात.

आता प्रकरण आकड्यांनिशी बघू. समजा, गाणं शिकवणाऱ्या एका बाईंच्या पंच्याहत्तरीसाठी सात मिनिटांचा व्हिडिओ करायचा आहे. पहिली क्लिप एका शिष्येच्या मनोगताची, फोनवर घेतलेली, दोन मिनिटं, ४८०००. दुसरी तीन मिनिटांची: बाईंच्या जुन्या बैठकीचा सीडीवरून घेतलेला आवाज आणि त्यावर फोटो, हिचा रेट ४४१००. तिसरी परत फोनवरची, दुसऱ्या शिष्याची, दोन मिनिटं, ४८०००. तिन्ही एमपी४ फाइली, तिन्हींत आवाज एएसी प्रकारचा. जोडणाऱ्याने ‘पुन्हा एन्कोड न करता जोडा’ असा पर्याय निवडला, कारण तो झटपट होतो आणि चित्राचा दर्जाही घसरत नाही.

एएसी आवाज पॅकेटांत बांधलेला असतो. नेहमीच्या प्रकारात एका पॅकेटमध्ये १०२४ सॅम्पल असतात. ४४१०० च्या हिशेबाने हे पॅकेट २३.२२ मिलिसेकंद वाजायला हवं, ४८००० च्या हिशेबाने २१.३३ मिलिसेकंद. एमपी४ फाइलीत या पॅकेटांवर सॅम्पल रेट लिहिलेला नसतो. तो आवाजाच्या ट्रॅकच्या माहितीत एका जागी असतो, आणि जोडणारी बहुतेक साधनं तिथे पहिल्या क्लिपची नोंद ठेवून देतात. आपल्या फाइलीत ती नोंद म्हणते ४८०००. पॅकेट कोणत्या क्षणी सुरू व्हायचं ते टाइमस्टॅम्प मात्र मूळ क्लिपमधून जसेच्या तसे आले आहेत: दर २३.२२ मिलिसेकंदांनी एक. म्हणजे मधल्या तीन मिनिटांत फाइल स्वतःशीच वाद घालते आहे. वरची नोंद सांगते की प्रत्येक पॅकेट २१.३३ मिलिसेकंदांत संपेल, आणि टाइमस्टॅम्प सांगतात की पुढचं पॅकेट त्यानंतर आणखी १.८९ मिलिसेकंदांनी सुरू होईल.

वेळापत्रकापेक्षा वेगाने धावणाऱ्या एसटीसारखी ही स्थिती आहे. गाडी प्रत्येक थांब्यावर जरा लवकर पोचते. एक चालक नियमाने वागतो आणि ठरलेली वेळ होईपर्यंत प्रत्येक थांब्यावर उभा राहतो. दुसरा घंटी वाजली की निघतो आणि शेवटच्या गावाला भलताच लवकर पोचतो. टाइमस्टॅम्प पाळणारा प्लेअर पहिल्या चालकासारखा. प्रत्येक पॅकेटनंतर तो जवळजवळ दोन मिलिसेकंद शांतता घालतो. एका सेकंदाला अशी ४३ पॅकेटं, म्हणजे सेकंदाला ४३ बारीक तुटी. तुटी इतक्या जवळ आल्या की कानाला सुटी ‘टक् टक्’ कळत नाही. ती खालच्या सुरातली खरखरीत भुणभुण वाटते. दुसरा प्लेअर टाइमस्टॅम्पकडे फारसं न बघता सॅम्पल एकामागून एक साउंड कार्डात ओततो. त्याच्याकडे तूट नाही, पण सेकंदाला ८१ मिलिसेकंद आवाज पुढे सरकतो. मिनिटाला ते ४.८७५ सेकंद होतात. आपल्या तीन मिनिटांच्या बैठकीत ७९,३८,००० सॅम्पल आहेत. ४८००० ने भागले तर १६५.३७५ सेकंद. बैठक १४.६ सेकंद आधी संपली, आणि दुसऱ्या शिष्याचं मनोगत बाईंच्या फोटोंवरच सुरू झालं. काही प्लेअर या दोन टोकांच्या मधले असतात: थोडा वेळ घसरू देतात, फरक फार झाला की एकदम उडी मारून चित्राशी जुळवून घेतात. तिथे मग दर काही सेकंदांनी एक ठळक ‘टक्’ ऐकू येतो.

क्लिपांचा क्रम उलटा असता, म्हणजे पहिली ४४१०० ची आणि पुढची ४८००० ची, तर गोष्ट उलट झाली असती. प्रत्येक पॅकेट ठरल्या वेळेपेक्षा जास्त वाजतं, पुढचं पॅकेट आधीच दारात येऊन उभं असतं. नियम पाळणारा प्लेअर मग शेवटची काही सॅम्पल कापतो आणि कापल्या जागी पुन्हा भुणभुण. न पाळणाऱ्याकडे आवाज चित्राच्या मागे मागे पडत जातो.

जाता जाता एक गोष्ट. एएसी आवाज टीएस प्रकारच्या फाइलीत असेल तर साधारणपणे प्रत्येक पॅकेटच्या डोक्यावर स्वतःचा सॅम्पल रेट लिहिलेला असतो. म्हणून ‘एमपी४ ऐवजी टीएस करून जोडलं तर चाललं’ असं काही जण सांगतात आणि ते खोटं बोलत नसतात. पण मध्येच बदललेला रेट प्रत्येक प्लेअर, टीव्ही आणि फोन मुकाट्याने सांभाळेल याची खात्री नसते. आणि ती फाइल परत एमपी४ मध्ये नेली की जुनंच दुखणं उभं राहतं.

रोग ओळखायची सगळ्यात खात्रीची खूण माझ्या मते घड्याळात नाही, स्वरात आहे. भुणभुणणाऱ्या प्लेअरमध्ये काय किंवा घसरणाऱ्या प्लेअरमध्ये काय, दोन्हीकडे गाणं १.०८८ पट वेगाने वाचलं जातंय, त्यामुळे स्वरही चढतो. चढ जवळजवळ दीड श्रुती-अंतराचा नव्हे, तर पेटीवरच्या दीड पट्टीचा: नेमका १.४७ अर्धस्वर. बाई काळी एकमध्ये गात असतील तर त्यांचा षड्ज पांढरी दोन आणि काळी दोन यांच्या मधोमध जाऊन बसतो. पेटीच्या कोणत्याच पट्टीशी तो जुळत नाही. ओळखीचा आवाज तरुण आणि जरा घाईतला वाटतो. उलट प्रकारात तोच षड्ज पांढरी एकच्याही खाली उतरतो आणि आवाज जड, झोपाळू होतो. मूळ सीडी आणि जोडलेला व्हिडिओ शेजारी वाजवून पेटीवर षड्ज शोधला की निदान झालं.

घसरण किती आहे हे मोजलं तरी बरंच कळतं, कारण घसरणीला इतर कारणंही असतात. मिनिटाला पावणेपाच-पाच सेकंदांचा फरक पडत असेल तर ४४.१ आणि ४८ चा घोळ जवळपास नक्की. मिनिटाला ६० मिलिसेकंद, म्हणजे तासाला ३.६ सेकंद फरक असेल तर तो हजारात एकचा फरक आहे. तो सॅम्पल रेटचा नसून ३० आणि २९.९७ फ्रेमच्या गल्लतीचा असतो. आणि तासाभराच्या चित्रणात जेमतेम दीड-दोन फ्रेमांचा फरक असेल, तर कॅमेरा आणि वेगळा रेकॉर्डर यांच्या आतल्या स्फटिकांची चाल किंचित वेगळी आहे, एवढंच. दहा लाखांत वीस भागांचा फरक तासाला ७२ मिलिसेकंद होतो. दोन्ही यंत्रांवर ४८००० लिहिलेलं असूनही हे घडतं, आणि पुढे सांगितलेला उपाय त्याला लागू पडत नाही. त्या दुखण्यात स्वर बदललेला कानाला कळतही नाही.

उपाय एका वाक्यात सांगता येतो: जोडण्याआधी सगळ्या क्लिप एकाच सॅम्पल रेटवर आणायच्या. यालाच रीसॅम्पलिंग म्हणतात. पण इथे ‘आणणे’ म्हणजे नोंद बदलणे नव्हे, नवे आकडे काढणे. ते कसे काढतात, हे बघण्यासारखं आहे.

४४१०० आणि ४८००० यांचं गुणोत्तर सोपं केलं तर १४७ : १६० येतं. एका सेकंदाच्या तीनशेव्या भागात जुनी १४७ सॅम्पल असतात आणि तेवढ्याच वेळात नवी १६० हवी आहेत. त्या १६० पैकी फक्त एकच जुन्या सॅम्पलच्या नेमक्या जागेवर पडतं. उरलेली १५९ जुन्या दोन सॅम्पलांच्या मधल्या कुठल्या तरी क्षणी येतात, तिथे काहीही मोजलेलं नाही. तिथली किंमत काढायची कशी? शेजारचं सॅम्पल उचलून ठेवणं हा सगळ्यात आळशी मार्ग: सेकंदाला ३९०० सॅम्पल दोनदा वाजतात आणि आवाजावर खर चढते. दोन शेजाऱ्यांमध्ये सरळ रेघ ओढणं त्याहून बरं, पण पुरेसं नाही. आवाजाची लाट सरळ रेघांची नसते, आणि त्या रेघांमुळे मुळात नसलेले स्वर जन्माला येतात. १० किलोहर्ट्झच्या एका शुद्ध सुराची ३४.१ किलोहर्ट्झवर सावली पडते. ती ४८ च्या रेटमध्ये मावत नाही, दुमडून १३.९ किलोहर्ट्झवर येते, आणि तिथे ती ऐकू येऊ शकते. झांजांच्या किंवा टाळांच्या आवाजावर ही काचेरी कड चटकन उमटते.

चांगला रीसॅम्पलर वेगळ्या वाटेने जातो. कल्पना अशी: प्रत्येक दोन जुन्या सॅम्पलांमध्ये १५९ शून्यं घाला. रेट १६० पट होऊन सेकंदाला ७०,५६,००० सॅम्पल झाली. आता त्यातून २२ किलोहर्ट्झच्या वरचं सगळं गाळून टाका. गाळणीतून बाहेर येताना शून्यांच्या जागी मूळ लाटेच्या खऱ्या किमती भरल्या जातात. मग त्यातून दर १४७ वं सॅम्पल उचला. ७०,५६,००० ला १४७ ने भागलं की ४८,००० उरतात. प्रत्यक्षात कोणी सत्तर लाख आकडे बनवत बसत नाही. ज्यांची गरज नाही ते गुणाकार टाळून तेच उत्तर काढतात. मुद्दा एवढाच की नवं प्रत्येक सॅम्पल डावी-उजवीकडच्या डझनावारी जुन्या सॅम्पलांच्या बेरजेतून येतं. उलट दिशेने, ४८ वरून ४४.१ वर जाताना, २२.०५ किलोहर्ट्झच्या वरचं आधी गाळावंच लागतं, नाहीतर २३ किलोहर्ट्झवरचा आवाज २१.१ वर दुमडून येईल.

डझनावारी शेजाऱ्यांची ही गरज एक व्यावहारिक शहाणपण शिकवते. क्लिपच्या काठावर एका बाजूला शेजारीच नसतात, तिथे रीसॅम्पलर शांतता गृहीत धरतो. म्हणून सलग वाजणाऱ्या तंबोऱ्याचे आधी दहा तुकडे करून प्रत्येक तुकडा वेगळा रीसॅम्पल केला, तर जोडाच्या जागी बारीकसा ‘टच्’ येऊ शकतो. आधी अखंड फाइल रीसॅम्पल करावी, कापाकापी नंतर.

आता कामाला लागू. पहिलं पाऊल तपासणी. `ffprobe` हे फुकट मिळणारं साधन `ffmpeg` बरोबरच येतं:

```
ffprobe -v error -select_streams a:0 \
 -show_entries stream=codec_name,sample_rate,channels \
 -of default=nw=1 don.mp4
```

आपल्या मधल्या क्लिपसाठी याचं उत्तर `sample_rate=44100` असं येईल, बाकी दोन्हींसाठी 48000. `channels` ही बघून ठेवा. फोनवरची एखादी क्लिप एकाच चॅनेलची निघते, आणि तेही जोडताना जुळवावं लागतं. व्हिडिओसाठी काम असेल तर सगळं ४८००० वर आणावं. केवळ आवाजाची सीडी किंवा गाण्यांचा संच करायचा असेल तरच ४४१०० कडे जाण्यात अर्थ आहे. ४४.१ वरून ४८ वर गेल्याने आवाज सुधारत नाही. सीडीत २२ किलोहर्ट्झच्या वर काही नव्हतंच, ते कुठून येणार? फक्त सगळ्यांचं घड्याळ एक होतं.

`ffmpeg` मध्ये जोडण्याच्या दोन मुख्य वाटा आहेत. एक म्हणजे फाइलींची यादी देऊन `-c copy` ने जोडणं. सगळ्या फाइलींचे गुणधर्म सारखे असतील तरच ही वाट वापरायची, आणि आपला घोळ हिच्यातच झाला. दुसरी वाट `concat` फिल्टरची. ती आवाज उलगडून, जुळवून मग जोडते:

```
ffmpeg -i ek.mp4 -i don.mp4 -i teen.mp4 -filter_complex "
[0:a]aresample=48000,aformat=channel_layouts=stereo[a0];
[1:a]aresample=48000,aformat=channel_layouts=stereo[a1];
[2:a]aresample=48000,aformat=channel_layouts=stereo[a2];
[0:v][a0][1:v][a1][2:v][a2]concat=n=3:v=1:a=1[v][a]" \
-map "[v]" -map "[a]" -c:a aac -b:a 192k ekatra.mp4
```

हा फिल्टर आवाजासाठी समान रेट स्वतःही निवडतो, पण तो निवडेल तोच आपल्याला हवा असेल असं नाही. म्हणून `aresample=48000` स्पष्ट लिहिलेलं बरं. चित्राचा आकार मात्र तो जुळवत नाही, तिन्ही क्लिप आधीच सारख्या लांबी-रुंदीच्या हव्यात. यात चित्रही पुन्हा एन्कोड होतं आणि वेळ लागतो. त्या बदल्यात आणखी एक छुपं दुखणं टळतं. एएसीची पॅकेटं २१.३३ मिलिसेकंदांची आणि २५ फ्रेमच्या व्हिडिओतली फ्रेम ४० मिलिसेकंदांची. दोन्हींचा शेवट क्वचितच एका क्षणी होतो. एका क्लिपमध्ये आवाज चित्रापेक्षा काही मिलिसेकंद आखूड पडला तर कोणाला कळत नाही, पण पन्नास क्लिप जोडल्या की ते साचतं. `concat` फिल्टर आखूड पडलेल्या आवाजाला शांततेची भर घालून शेवटची सोडून प्रत्येक क्लिप काठोकाठ करतो.

सीडीवरचं गाणं जोरात बसवलेलं असेल तर एक काळजी घ्यावी. दोन सॅम्पलांच्या मधला लाटेचा माथा दोन्ही सॅम्पलांपेक्षा उंच असू शकतो, आणि रीसॅम्पल करताना नेमका तो माथा सापडला तर तो मर्यादेबाहेर जाऊन चपटा होतो. `aresample` च्या आधी `volume=-1dB` घातलं की बहुतेक वेळा भागतं. `ffmpeg` च्या ज्या आवृत्तीत सॉक्सआर हा रीसॅम्पलर बांधलेला असतो तिथे `aresample=48000:resampler=soxr` लिहून तो वापरता येतो. बोलण्याच्या आवाजात मला दोन्हींत फरक ऐकू येत नाही, आणि ज्यांना येतो म्हणतात त्यांच्याशी मी वाद घालत नाही.

इतकं करूनही क्लिपांच्या सांध्यावर एकच ‘टक्’ राहिला, तर त्याचा सॅम्पल रेटशी संबंध नाही. पहिल्या क्लिपची लाट संपताना वर होती आणि दुसरीची सुरू होताना खाली, त्यामुळे लाटेने तिथे एकदम उडी मारली. दोन्ही बाजूंना पाच-दहा मिलिसेकंदांचा उतार-चढ दिला की तो जातो. दुसरं कारण एएसीचं. एन्कोडर प्रत्येक फाइलीच्या सुरुवातीला तयारीची म्हणून काही जादा सॅम्पल घालतो, साधारण १०२४ किंवा २११२. ४८००० च्या हिशेबाने २११२ म्हणजे ४४ मिलिसेकंद. ती वगळा अशी सूचना एमपी४ मध्ये असते, पण न उलगडता जोडताना ती हरवू शकते. मग प्रत्येक सांध्यावर क्षणभराची पोकळी राहते. म्हणून मधल्या टप्प्यांवर आवाज एएसीत न ठेवता न दाबलेल्या पीसीएममध्ये, म्हणजे वेव्ह किंवा एमओव्ही फाइलीत ठेवावा आणि एएसी अगदी शेवटी एकदाच करावं. भुणभुण सलग आहे की ‘टक्’ फक्त सांध्यावर आहे, हे आधी ऐकून ठरवलं तर निम्मं काम होतं.

राहिला प्रश्न आधीच बिघडलेल्या फाइलीचा. मूळ क्लिप हाताशी असतील तर तिकडेच जावं. पण पुष्कळदा मूळ पुसलेलं असतं आणि हातात चढ्या स्वरातला, आखूड झालेला आवाज उरतो. इथे लोक हमखास करतात ती चूक म्हणजे लांबी ताणून बसवणं. संपादनाच्या सॉफ्टवेअरमधली नेहमीची ताणण्याची सोय, किंवा `ffmpeg` मधलं `atempo`, लांबी बदलताना स्वर जागेवर ठेवतं. त्यामुळे ओठ जुळतात, पण बाई पांढरी दोन आणि काळी दोनच्या मध्येच गात राहतात. वर ताणण्याची कृत्रिम झाक येते ती वेगळीच.

आकडे खरे आहेत आणि नोंद खोटी आहे, तर आधी नोंद सुधारायची आणि मग रीसॅम्पल करायचं. `ffmpeg` मध्ये या दोन गोष्टींना दोन वेगळी नावं आहेत. `asetrate` सॅम्पलना हात न लावता फक्त नोंद बदलतं. `aresample` नोंदीवर विश्वास ठेवून नवी सॅम्पल काढतं. बैठकीचा बिघडलेला तुकडा वेगळा काढला, तो सलग आणि तुटींशिवाय असला, तर:

```
ffmpeg -i baithak.wav -af "asetrate=44100,aresample=48000" baithak48.wav
```

१६५.३७५ सेकंदांचा तुकडा बरोबर १८० सेकंदांचा झाला आणि षड्ज काळी एकवर परतला, की निदान आणि उपाय दोन्ही बरोबर होते. उलट्या प्रकारात, म्हणजे ४८ चा आवाज ४४.१ समजून वाचला गेला असेल तर, `asetrate=48000` पुरेसं आहे.

ऑडॅसिटी वापरणाऱ्यांना हाच फरक मेनूत सापडतो आणि तिथेच पुष्कळांची फसगत होते. ट्रॅकच्या मेनूतला `Rate` बदलला की फक्त नोंद बदलते: गाणं लगेच चढतं किंवा उतरतं. वरच्या `Tracks` मेनूतलं `Resample` खरे नवे आकडे काढतं आणि ऐकताना काहीच बदलल्यासारखं वाटत नाही. चांगल्या क्लिपवर पहिला पर्याय वापरला तर आपण स्वतःच तो बिघाड निर्माण करतो. बिघडलेल्या क्लिपवर मात्र आधी तोच वापरावा लागतो, आणि दुसरा त्यानंतर.

भुणभुण असलेल्या अवस्थेतच कोणी व्हिडिओ पुन्हा एन्कोड करून ठेवला असेल, तर दुरुस्ती अवघड होते. तिथे सेकंदाला ४३ वेळा दोन-दोन मिलिसेकंदांची शांतता लाटेत पक्की शिवली गेली आहे. ऑडॅसिटीत खूप जवळून पाहिलं तर ठरावीक अंतरावर सपाट खाचा दिसतात. त्या काढून उरलेलं जोडता येतं, पण सात हजारांवर खाचा हाताने कोण काढणार, आणि प्रत्येक सांध्यावर एन्कोडरने लाट थोडी पुसट केलेली असतेच. अशा वेळी सीडी शोधावी.

नव्या फाइलीची तपासणी तीन जागी करावी. `ffprobe` पुन्हा चालवून रेट 48000 आला का पाहावं. एकूण लांबी सात मिनिटं भरते का पाहावं. आणि शेवटच्या क्लिपच्या अखेरच्या अर्ध्या मिनिटात ‘प’, ‘ब’, ‘म’ म्हणताना ओठ मिटतात का ते पाहावं, कारण साचलेली घसरण सगळ्यात जास्त तिथेच दिसते. ही तपासणी वेगळ्या दोन प्लेअरमध्ये आणि एकदा फोनवर करावी; दोष झाकून टाकणारा प्लेअर नेमका आपल्याच लॅपटॉपवर असण्याची शक्यता बरीच असते.